मोठं अक्षर, उचललेलं वाक्य आणि फोटोखालची ओळ

माझ्या हातून मांडणी झालेल्या पहिल्या दिवाळी अंकात एक लेख ‘मुंबईला’ या शब्दानं सुरू होत होता. पहिलं अक्षर तीन ओळींएवढं मोठं करायचं, म्हणजे ज्याला आम्ही ड्रॉप कॅप म्हणतो तो करायचा, असं ठरलेलं. मी संगणकाला सांगितलं, एक अक्षर मोठं कर. त्यानं फक्त ‘म’ मोठा केला आणि उकार, अनुस्वार, ‘बई’ हे सगळं मागे बारीक ठेवलं. ते दुरुस्त करून सगळा ‘मुं’ मोठा केला, तर त्याचा उकार खाली चौथ्या ओळीत घुसला. शिवाय मजकूर ऐंशी-नव्वद शब्द जास्त आलेला. मग मी दोन ओळींमधलं अंतर कमी केलं. अंक छापून आला तेव्हा ते पान खच्चून भरलेल्या एसटीसारखं दिसत होतं. कोणी काही बोललं नाही, पण तो लेख कोणी वाचलाही नाही.

ड्रॉप कॅप आपल्याकडे छपाईबरोबर रोमन लिपीतून आला. रोमन मोठं अक्षर म्हणजे सरळ ठोकळा. त्याला वर काही नाही आणि सहसा खालीही काही नाही. देवनागरी अक्षर शिरोरेषेला टांगलेलं असतं. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार. म्हणून इथे ‘एक अक्षर’ म्हणजे व्यंजन, त्याची जोडाक्षरं आणि त्याच्या अंगावरच्या सगळ्या खुणा मिळून जे होतं ते. ‘स्त्री’ हे एकच अक्षर आणि ‘मुं’ हेही एकच. ‘कि’मध्ये तर वेलांटी आधी दिसते आणि टंकताना नंतर येते. युनिकोडच्या आधीच्या फॉण्टांत अक्षराचे तुकडे असायचे, अर्धा भाग वेगळा आणि उभा दंड वेगळा. त्यामुळे कितीतरी अंकांत अर्धंच अक्षर मोठं झालेलं दिसायचं. आजही संगणकाच्या मोजणीवर विसंबू नये, प्रूफ हातात घेऊन डोळ्यांनी बघावं.

आता हे अक्षर किती मोठं? उदाहरणादाखल एक पान घेऊ. रुंदी १८ सेंटिमीटर, उंची २४. मजकुराचे दोन कॉलम, प्रत्येकी ७० मिलिमीटरचे, मध्ये ५ मिलिमीटरची गल्ली. अक्षर ११ पॉइंटचं आणि एका ओळीच्या तळापासून दुसऱ्या ओळीच्या तळापर्यंत १६ पॉइंट. अशा कॉलमात ३४ ओळी बसतात आणि एका ओळीत साधारण साडेसहा शब्द.

तीन ओळींच्या ड्रॉप कॅपची शिरोरेषा पहिल्या ओळीच्या शिरोरेषेला भिडली पाहिजे आणि तळ तिसऱ्या ओळीच्या तळाला. म्हणजे दोन ओळींचं अंतर ३२ पॉइंट, अधिक पहिल्या ओळीतल्या अक्षराची स्वतःची उंची, सुमारे ७. एकूण ३९. एवढी उंची मिळवायला अक्षर ६१ पॉइंटच्या आसपास घ्यावं लागतं. ‘स’ किंवा ‘क’ असेल तर काम झालं. पण ६१ पॉइंटच्या अक्षराचा उकारच जवळजवळ १५ पॉइंट खाली लोंबतो आणि तेवढ्यात चौथी ओळ येते. अशा वेळी शिरोरेषेपासून उकाराच्या टोकापर्यंत ३९ पॉइंट धरायचे. अक्षर ४४ पॉइंटवर येतं, थोडं लहान दिसतं, पण कुणाच्या अंगावर पडत नाही. वरचा अनुस्वार किंवा वेलांटी शिरोरेषेच्या वर जाणारच, तिच्यासाठी लेखाच्या पहिल्या ओळीच्या वर किमान एक ओळ मोकळी हवी. शीर्षकाखालची पट्टी तिथे आणून टेकवली की वेलांटीचं डोकं आपटलंच.

आणखी एक गोष्ट फक्त मोठं करून बघितल्यावरच कळते. ६१ पॉइंटच्या अक्षराची शिरोरेषा शेजारच्या ११ पॉइंटच्या शिरोरेषेपेक्षा पाचपट जाड असते. दोन्हींच्या वरच्या कडा जुळवाव्यात, म्हणजे तुटलेला शब्द डोळ्याला एकच वाटतो. फॉण्टात हलक्या वजनाचं अक्षर असेल तर मोठ्या अक्षरासाठी तेच घ्यावं, ठळक नको.

पण शब्दच एका अक्षराचा असेल तर? मराठीत ‘मी’, ‘ती’, ‘तो’, ‘हा’ यांनी सुरू होणारे लेख पैशाला पासरी. ‘ती नदी ओलांडून गेली’ या वाक्याचा ‘ती’ मोठा करून ‘नदी’ त्याला चिकटवलीत, तर वाचणारा आधी ‘तीन’ वाचतो आणि मग ‘दी’पाशी अडखळतो. ‘मी ठरवलं’चं ‘मीठ’ होतं. अशा वेळी पहिल्या ओळीत मोठ्या अक्षरानंतर एका शब्दाएवढी जागा सोडावी. शब्द तुटणार असेल तेव्हा मात्र ती जागा अगदी थोडी ठेवावी. तीन कॉलमांच्या पानावर कॉलम ४५ मिलिमीटरचा असतो. तिथे तीन ओळींचा ड्रॉप कॅप जवळपास १६ मिलिमीटर खातो आणि उरलेल्या जागेत दोन-तीन शब्द एकमेकांपासून लांब उभे राहतात. तिथे दोन ओळींचा ड्रॉप कॅप पुरे, किंवा नकोच.

लेखातलंच एखादं वाक्य उचलून मोठ्या अक्षरांत दाखवायचं, त्याला पुल कोट म्हणतात. त्याची गफलत वेगळी असते. तो पानाच्या मधोमध दोन्ही कॉलमांत पाय पसरून बसवला की छान दिसतो आणि वाचणाऱ्याची वाट तोडतो. डावा कॉलम वाचत माणूस कोटापाशी येतो. आता उडी मारून खाली जायचं की वर उजव्या कॉलमाच्या माथ्यावर? निम्मे लोक चुकतात. शिवाय दोन्ही बाजूंना दोन-दोन शब्दांच्या ओळींची चिंचोळी पट्टी उरते. म्हणून कोट एकाच कॉलमात ठेवावा, आणि तोही परिच्छेदाच्या मध्ये. दोन परिच्छेदांमध्ये ठेवला तर तो उपशीर्षक वाटतो. परिच्छेदाच्या पोटात असला की वाक्य अर्धवट राहिलेलं दिसतं आणि डोळा आपोआप खाली जातो.

ज्या ओळीतून वाक्य उचललं तिच्या शेजारीच ते लावू नये, नाहीतर तेच वाक्य लागोपाठ दोनदा वाचलं जातं. लेखाचा शेवट फोडणारं वाक्य घेऊ नये. आणि शब्द बदलू नयेत. लेखकानं ‘बहुधा’ लिहिलं असेल तर कोटात ते ‘बहुधा’ राहिलंच पाहिजे.

आता मापाचा भाग. कोट १८ पॉइंटमध्ये घेतला आणि त्याच्या ओळींतलं अंतर २४ पॉइंट ठेवलं, तर कोटाच्या दोन ओळी मजकुराच्या बरोबर तीन ओळींएवढ्या होतात. ७० मिलिमीटरात चार शब्दांची एक ओळ, म्हणून सोळा शब्दांचा कोट चार ओळींचा, म्हणजे मजकुराच्या सहा ओळी. वर एक, खाली एक मोकळी धरली की आठ. हा आठचा आकडा पूर्ण असल्यामुळे कोटाखालचा मजकूर शेजारच्या कॉलमाशी ओळीला ओळ जुळून येतो. नाहीतर दोन कॉलम शेजारी उभे राहून एकमेकांशी भांडल्यासारखे दिसतात.

फोटोओळीबद्दल थोडंच सांगतो, कारण तिचं एकच गणित आहे: ती फोटोच्या जवळ आणि मजकुरापासून दूर हवी. दोन्ही अंतरं सारखी असली की वाचक फोटोओळीतून सरळ लेखात घुसतो. फोटोच्या खाली अर्धी ओळ, मग ९ पॉइंटच्या दोन ओळी १२ च्या अंतरानं, त्याखाली एक पूर्ण ओळ मोकळी. ओळी डावीकडून सुरू कराव्यात, दोन्ही कडांना ताणून बसवू नयेत. फोटोच्या काळ्या भागावर पांढऱ्या अक्षरांत छापायचा मोह आवरावा. साध्या कागदावर शाई पसरते आणि अनुस्वाराचा पांढरा ठिपका बुजून जातो.

आता समोरासमोरची दोन पानं भरू. चार कॉलम, एकूण १३६ ओळी. डाव्या पानावर शीर्षक आणि प्रस्तावना दोन्ही कॉलमांवर बारा ओळींची उंची घेतात, म्हणजे चोवीस ओळी गेल्या. त्याखाली पहिल्या कॉलमात ड्रॉप कॅप, त्याला मिळून एखादी ओळ लागते. फोटो उजव्या पानाच्या बाहेरच्या कॉलमात माथ्यावर, ५१ मिलिमीटर उंच. फोटोओळ आणि मोकळी जागा धरून बारा ओळी. पुल कोट उजव्या पानाच्या आतल्या कॉलमात, विसाव्या ओळीपासून सत्ताविसाव्यापर्यंत. म्हणजे फोटो वर बाहेर, कोट खाली आत आणि मोठं अक्षर थेट पलीकडच्या पानावर. तिन्ही एकाच उंचीवर किंवा एकमेकांना चिकटून कुठेही येत नाहीत. मजकुराला उरल्या ९१ ओळी, सुमारे सहाशे शब्द.

माझ्याकडे त्या वेळी होते जवळपास सातशे. ओळींचं अंतर १६ वरून १४ वर आणलं की तेरा ओळी फुकट मिळतात, आणि मी त्या घेतल्या. पण १४ वर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो. तेवढ्याच अंतरात रोमन मजकूर निभावून नेतो, कारण त्याच्या ओळीत वर-खाली एवढी गर्दी नसते. पान कोंदटलं आहे की नाही हे बघायची माझी पद्धत साधी आहे. प्रूफ उलटं धरायचं, हात लांब करायचा. वाचता येत नाही, नुसते राखाडी ठोकळे दिसतात. ओळींमधल्या पांढऱ्या पट्ट्या सलग दिसल्या तर ठीक, मध्ये काळे गठ्ठे दिसले तर अंतर कमी पडलं आहे.

आज तो लेख आला तर मी कोट काढून टाकीन. तो लेखात एकदा आलेलाच आहे, गेल्यानं वाचकाचं काही जात नाही, आणि आठ ओळी मिळतात. शीर्षकाची उंची बारा ओळींवरून नऊवर आणली की आणखी सहा. चौदा ओळींत नव्वद शब्द बसतात, आणि १६ पॉइंटला हात लावावा लागत नाही.