लॉगिन बंद केलं, तरी क्लाउड उघडाच? सिंगल साइन-ऑनमधली राहून जाणारी गोष्ट

आमच्या टीममधल्या एका सहकाऱ्याचा शेवटचा दिवस होता. सकाळी ११ वाजता त्याचं कंपनीचं अकाउंट मी बंद केलं. एडब्ल्यूएसमध्ये त्याचा वेगळा पासवर्डच नव्हता, तिथे आम्ही सगळे सिंगल साइन-ऑननेच जायचो. त्यामुळे काम झालं असं मी धरून चाललो. दुपारी ३ वाजता क्लाउडट्रेलच्या नोंदी चाळताना त्याचा ईमेल दिसला. सर्व्हर अजून त्याच्याच नावाने चालू-बंद होत होते. त्याने लावून ठेवलेली एक स्क्रिप्ट चालू राहिली होती, एवढंच. पण मला घाम फुटला.

असं कसं झालं? आपण लॉगिन करतो तेव्हा कंपनीचा आयडेंटिटी प्रोव्हायडर आपली ओळख तपासतो आणि सही केलेला एक एसएएमएल संदेश देतो. ब्राउझर तो संदेश एडब्ल्यूएसकडे पोचवतो. एडब्ल्यूएस सही तपासून ठरलेल्या रोलच्या तात्पुरत्या किल्ल्या देतं. या किल्लीचा आयडी `ASIA` ने सुरू होतो, कायमच्या किल्लीचा `AKIA` ने.

खरी मेख पुढे आहे. किल्ली एकदा हातात पडली की एडब्ल्यूएस प्रत्येक कामाला कंपनीकडे परत विचारायला जात नाही. मुदत संपेपर्यंत ती चालते. मुदत न सांगितल्यास १ तासाची मिळते, रोलच्या सेटिंगमध्ये ती १२ तासांपर्यंत वाढवता येते. आम्ही "सारखं सारखं लॉगिन नको" म्हणून ८ तास ठेवली होती. त्याने साडेदहाला घेतलेली किल्ली संध्याकाळी साडेसहापर्यंत जिवंत राहणार होती. मुदत आता कमी करूनही उपयोग नव्हता, कारण तो बदल फक्त नव्या किल्ल्यांना लागू होतो.

यावर इलाज आहे. आयएएममध्ये तो रोल उघडा आणि Revoke active sessions दाबा. त्याने रोलला `AWSRevokeOlderSessions` नावाची पॉलिसी लागते. तिच्यात सगळ्या कामांना नकार असतो, पण या अटीवर:

```
"Condition": {
  "DateLessThan": {
    "aws:TokenIssueTime": "2025-03-07T09:40:00Z"
  }
}
```

म्हणजे या वेळेआधी दिलेल्या सगळ्या किल्ल्या बाद. वेळ यूटीसीमध्ये आहे, आपल्याकडचे दुपारचे ३:१०. फटका त्या रोलवरच्या सगळ्यांनाच बसतो, टीमकडून दोन फोन आलेच. पण बाकीचे पुन्हा लॉगिन करून नवी किल्ली घेऊ शकतात. ज्याचं अकाउंट बंद आहे, त्याला ती मिळत नाही.

आता आमच्याकडे प्रॉडक्शनच्या रोलची मुदत १ तास आहे. कुरकुर होते, होऊ दे. आणि कोणी सोडून जाताना आधी अकाउंट बंद, मग लगेच रिव्होक. क्रम उलटा केलात तर मधल्या मिनिटात तो नवी किल्ली घेऊ शकतो.