वरून नव्हे, कडेने बघा

चहाच्या बशीत ठेवलेला एक लांबट, सोनेरी तुकडा. फोटो वरून काढलेला असेल, तर तो टोस्ट की खारी हे सांगणं खरंच अवघड जातं. भट्टीतून निघालेल्या बहुतेक पदार्थांचा रंग तोच असतो. ओळख पटते ती कडेवरून.

कडेला कागदासारखे पातळ पापुद्रे एकावर एक दिसले, मध्ये पोकळी असली आणि बशीत चुरा सांडलेला असला, तर ती खारी. कडा सुरीने कापल्यासारखी सरळ, तिच्यावर बारीक भोकांची जाळी आणि कापलेला भागही भाजून तांबूस झालेला, तर टोस्ट. लादीपावाची बाजू मात्र पांढरी, मऊ आणि तंतुमय असते, कारण पाव एकमेकांना चिकटून फुगतात. आच फक्त वरच्या आणि खालच्या अंगाला लागते आणि बाजू लादी तोडल्यावरच उघड्या पडतात.

आत काय आहे, तेही याच खुणा सांगतात. पाव फुगतो यीस्टमुळे. किलोभर मैद्याला दोन-चार चमचे तेल किंवा वनस्पती त्याला पुरते. टोस्ट म्हणजे आधी भाजलेल्या पावाचे काप पुन्हा मंद आचेवर वाळवलेले. त्यात साखर जास्त, बहुधा वेलची, आणि स्निग्धांश पावापेक्षा थोडा अधिक असतो.

खारीत सहसा यीस्ट नसतं. मैद्याच्या पोळीवर घट्ट मार्जरिन किंवा वनस्पती पसरतात, घडी घालतात, लाटतात, पुन्हा घडी घालतात. भट्टीत पाण्याची वाफ होते, ती पदर उचलते आणि मधली चरबी त्यांना चिकटू देत नाही. म्हणजे पापुद्रे सुटे दिसले की चरबी भरपूर आहे हे नक्की. एक किलो मैद्याला ६०० ग्रॅम वनस्पती घेतली, तर भाजल्यावर साधारण दीड किलोच्या थोडी वर खारी मिळते. तिच्या वजनाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग निव्वळ चरबी. पंधरा ग्रॅमच्या एका हलक्याफुलक्या खारीत पाच ग्रॅमच्या वर चरबी जाते. चाळीस ग्रॅमच्या पावात ती जेमतेम एक ग्रॅम असते.

पण ती चरबी लोण्याची की वनस्पतीची, हे कुठलाच फोटो सांगू शकत नाही. लोणी उन्हाळ्यात लवकर वितळतं, पदर एकमेकांत मिसळतात आणि ते महागही पडतं, म्हणून बेकऱ्या बहुधा मार्जरिन वापरतात. पिवळा रंग हा लोण्याचा पुरावा नव्हे, तो मार्जरिनलाही दिलेला असतो. त्यासाठी पुडा उलटा करून घटकांची यादी वाचावी. तिथे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. खारीच्या पुड्यावर मैद्यापाठोपाठ वनस्पती, मार्जरिन किंवा पामतेल असेल आणि लोणी शेवटी कुठेतरी, तर वर मोठ्या अक्षरांत ‘बटर खारी’ छापलेलं असलं तरी पदर सुटलेत ते वनस्पतीच्या जोरावर. सुट्या खारीला यादी नसते. तिथे कोणती चरबी वापरता, हे बेकरीवाल्यालाच विचारावं.