जिप्समच्या पाण्यात वाहकतामापक कमी का दाखवतो?

ऊर्ध्वपातित पाण्यात जिप्सम विरघळवून संपृक्त द्रावण केल्यास २५ अंश सेल्सिअसला त्याची विद्युत वाहकता सुमारे २.२ डेसीसायमन प्रति मीटर येते. नेहमीच्या ६४० या गुणकाने त्यातील क्षार सुमारे १४०० मिलिग्रॅम प्रति लिटर ठरतात. प्रत्यक्षात तेथे सुमारे २००० मिलिग्रॅम कॅल्शियम सल्फेट विरघळलेले असते.

या तफावतीवरून कॅल्शियम सल्फेटचे विघटन अपुरे राहिले, असे वाटते. वास्तविक विरघळताना ते आयनांतच विलग होते. परंतु कॅल्शियमवर दोन धन आणि सल्फेटवर दोन ऋण प्रभार असल्याने त्यांच्यातील आकर्षण मिठातील आयनांच्या तुलनेत, समान अंतरावर, चौपट असते. त्यामुळे सुमारे एकतृतीयांश कॅल्शियम कोणत्याही क्षणी सल्फेटशी जोडी करून असते. ही आयन-जोडी उदासीन असल्याने वीज वाहून नेत नाही. उरलेल्या मुक्त आयनांची गतीही परस्पर ओढीमुळे मंदावते.

या जोड्या सतत जुळतात व सुटतात. द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याने दहापट विरल करून वाहकता मोजावी व तिला दहाने गुणावे, उत्तर २.२ ऐवजी ३ च्या पुढे जाते. विरलतेत जोड्या सुटल्याची ती खूण होय.

म्हणून जिप्समयुक्त जमिनीच्या अर्कात केवळ वाहकतेवरून क्षारांचे वजन ठरवू नये. ईडीटीए अनुमापनात मात्र जोडीतील कॅल्शियमही मोजले जाते, कारण मुक्त आयन बांधले जाताच जोड्या सुटत जातात.