बेरीज कुठून कुठपर्यंत?

आठ सदनिकांच्या एका सोसायटीचा देखभाल वर्गणीचा तक्ता एक्सेलमध्ये आहे, असे धरू. B1 मध्ये वर्षाचे शीर्षक 2025, त्याखाली B2 ते B9 मध्ये रकमा, प्रत्येकी १५०० रुपये. चौथ्या सदनिकेची वर्गणी आलेली नाही, म्हणून B5 रिकामा. सात जणांचे मिळून १०,५०० रुपये जमले आहेत. खजिनदार B10 वर क्लिक करून होम टॅबवरचे Σ चिन्हाचे ऑटोसम बटण दाबतात, लगेच एंटर करतात आणि उत्तर येते ६०००.

बेरीज चुकलेली नाही, चुकला आहे तो अंदाज. ऑटोसम आधी वरच्या बाजूला आकडे शोधते आणि सलग आकडे जिथे तुटतात तिथे थांबते. B5 रिकामा असल्याने त्याने इतकेच धरले:

```
=SUM(B6:B9)
```

बटण दाबल्यावर आणि एंटर करण्यापूर्वी हे सूत्र खान्यात दिसते. धरलेल्या खान्यांभोवती तुटक रेघांची हलती चौकटही असते. ती B6 पासून सुरू झालेली दिसली, की तिथेच माउसने B2 ते B9 ओढून निवडायचे. सूत्रातला पट्टा बदलतो, मग एंटर.

खजिनदारांनी मात्र दुसरा उपाय केला. B5 मध्ये शून्य भरले आणि बटण पुन्हा दाबले. आता उत्तर आले १२,५२५. आकड्यांची साखळी जुळली खरी, पण ती थेट B1 पर्यंत पोचली आणि वर्षही रुपये म्हणून मोजले गेले. शीर्षक ‘सन 2025’ असे लिहिले तर तो मजकूर ठरतो आणि अंदाज त्याच्या खालीच थांबतो.

आडव्या बेरजेत वेगळी गंमत होते. वर आकडे नसतील तर ऑटोसम डावीकडे पाहते, त्यामुळे पहिल्या सदनिकेची बारा महिन्यांची बेरीज बरोबर येते. तसेच एकेक ओळ करत खाली गेले, की वर बेरजांचेच आकडे साठतात आणि बटण डावीकडचे महिने सोडून त्याच बेरजा मिळवू लागते. म्हणून पहिले सूत्र तपासून घ्यावे आणि त्या खान्याच्या उजव्या कोपऱ्यातला छोटा चौकोन खाली ओढावा. प्रत्येक ओळीला तिचे स्वतःचे सूत्र मिळते.

एंटर आधीच दाबला असेल, तर बेरजेच्या खान्यावर डबल-क्लिक करावे. सूत्रातले खाने रंगीत चौकटीत दिसतात आणि चौकटीचे कोपरे ओढून पट्टा दुरुस्त करता येतो. उलटतपासणीसाठी B2 ते B9 नुसते निवडावेत. खिडकीच्या तळच्या पट्टीवर त्यांची बेरीज येते. तिथे १०,५०० आणि B10 मध्ये दुसरेच काही असेल, तर सूत्राचा पट्टा पुन्हा पाहावा.