खट्-खट् डिस्कची, दुरुस्ती नोंदींची

प्लेस्टेशन ४ हा गेमिंग कन्सोल २०१३ मध्ये आला, तेव्हा त्याच्या पोटात ५०० जीबीची, लॅपटॉपमध्ये असते तशी अडीच इंची हार्ड डिस्क होती. आजही अनेक घरांत तीच डिस्क फिरते आहे. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या तबकडीवरून वाचक-सुई, म्हणजे हेड, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी अंतरावर तरंगत असते. वर्षानुवर्षे हे चालल्यावर डिस्क थकते, आणि बहुतेक वेळा थकल्याचे आधी सांगतेही.

सांगण्याची पहिली खूण आवाजाची. गेम लोड होताना हलकी कुरकुर ऐकू येते, ती नेहमीचीच. काळजी करावी ती ठरावीक अंतराने येणाऱ्या कोरड्या ‘खट्... खट्... खट्’ची. हेडला तबकडीवरच्या खुणा वाचता आल्या नाहीत, की तो मागे आपल्या जागी जातो आणि पुन्हा प्रयत्न करतो. त्या येरझाऱ्यांचा हा आवाज. मात्र आवाज नेमका कुठून येतो ते आधी पाहा. गेमची ब्लू-रे काढून ठेवा. आवाज थांबला, तर दोष बहुधा ब्लू-रे ड्राइव्हचा. पंख्याचा आवाज सलग घोंघावणारा असतो, तो या खटखटीत मिसळत नाही.

दुसरी खूण गोठण्याची. चित्र थांबते, कंट्रोलर दाबून काही होत नाही आणि दहा-पंधरा सेकंदांनी सगळे पुन्हा चालू होते. तबकडीचा एखादा तुकडा खराब झाला, की डिस्क तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचू पाहते आणि तोवर कन्सोल खोळंबतो. एकच गेम एकाच जागी अडकत असेल, तर त्या गेमच्या फाइलमध्येही बिघाड असू शकतो. तो काढून पुन्हा टाकून बघावा. पण वेगवेगळे गेम, लायब्ररी, अगदी सेटिंग्जसुद्धा अडखळू लागली, तर संशय डिस्कवर घ्यावा.

इथे `Rebuild Database` हा पर्याय पुढे येतो आणि त्याच्याबद्दलचा गैरसमजही. कन्सोलमध्ये कोणता गेम, कोणती सेव्ह फाइल, कोणता स्क्रीनशॉट आहे याची एक नोंदवही असते. ग्रंथालयातल्या कार्डांच्या कपाटासारखी ती समजा: कार्डे विस्कटली, तरी पुस्तके जागेवरच असतात. अचानक वीज गेली, की कार्डे विस्कटू शकतात. हा पर्याय सगळी डिस्क चाळून नवी कार्डे लिहितो. गेम किंवा सेव्ह पुसणे हे त्याचे काम नाही. होम स्क्रीनवरची मांडणी तेवढी बदलू शकते. पण कपाटच वाळवीने पोखरले असेल, तर नव्या कार्डांनी काय होणार? शिवाय डिस्क चाळायची म्हणजे ती भरपूर वाचावी लागते. खटखट करणाऱ्या डिस्कवर हा ताण अखेरचा ठरू शकतो.

समजा, एका मुलाचा कन्सोल मेनूत अडखळतो आहे, गेमची चित्रे रिकामी दिसताहेत, पण खटखट नाही आणि आदल्या आठवड्यात दोनदा वीज गेली होती. त्याने आधी पेन ड्राइव्ह लावून सेटिंग्जमधल्या `Application Saved Data Management` मधून सेव्ह फाइल कॉपी कराव्यात. मग कन्सोल पूर्ण बंद करावा, रेस्ट मोडमध्ये नव्हे. पॉवरचे बटण दाबून धरावे. एक बीप लगेच येते, दुसरी साधारण सात सेकंदांनी. ती आली की बटण सोडावे, कंट्रोलर यूएसबी केबलने जोडून पीएस बटण दाबावे. सेफ मोडच्या यादीत पाचवा पर्याय `Rebuild Database`. सहावा आणि सातवा `Initialize` ने सुरू होतात आणि सगळे पुसतात, तेव्हा घाईत खाली जाऊ नये. काम काही मिनिटांत उरकते किंवा डिस्क भरलेली असेल तर तासन्‌तास चालते; मध्येच वीज तोडू नये. नंतर मेनू सुरळीत झाला, तर दोष नोंदींचाच होता. थोड्याच दिवसांत अडखळणे परतले, किंवा `CE-34335-8` हा कोड दिसला, तर डिस्क बदलायची वेळ आली.

डिस्क बदलणे मात्र अवघड नाही. जाडी ९.५ मिमीपर्यंतची अडीच इंची साटा डिस्क किंवा एसएसडी चालते. पेन ड्राइव्हवर `PS4` फोल्डरमध्ये `UPDATE` फोल्डर करून त्यात `PS4UPDATE.PUP` ही फाइल ठेवावी आणि सातव्या पर्यायाने सिस्टीम टाकावी. फाइल पूर्ण इन्स्टॉलेशनची हवी, नेहमीच्या अपडेटची छोटी चालत नाही. जुनी डिस्क संगणकाला जोडून सेव्ह काढता येत नाहीत, कारण तिच्यावरचा मजकूर त्याच कन्सोलच्या किल्लीने कुलूपबंद केलेला असतो. सेव्ह परत येतात ते आधी पेन ड्राइव्हवर घेतलेल्या कॉपीतून, किंवा प्लेस्टेशन प्लसचे सभासदत्व असेल तर क्लाउडवरून.