ताऱ्याचं अंतर आणि त्यातली चूक

1838 साली फ्रीडरिश बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने कोनिग्सबर्गच्या वेधशाळेतून हंस तारकासमूहातल्या 61 सिग्नी या ताऱ्याचा पराशय मोजला. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर किंचित हललेला दिसतो, त्या हलण्याचा कोन म्हणजे पराशय. बेसेलला तो 0.314 विकला मिळाला. एक विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग. या मोजमापात सुमारे 0.02 विकलांची अनिश्चितता आहे, हेही त्याने सांगितलं.

पण लोकांना हवं असतं ते अंतर, आणि पराशयावरून अंतर काढणं सोपं आहे. 1 ला पराशयाने भागलं की अंतर पार्सेकमध्ये मिळतं. एक पार्सेक म्हणजे 3.26 प्रकाशवर्षं. 1 भागिले 0.314 म्हणजे 3.18 पार्सेक, साधारण 10.4 प्रकाशवर्षं. आता कोनात 0.02 ची चूक असेल, तर अंतरात किती?

संख्याशास्त्रज्ञ इथे एक युक्ती वापरतात. पराशय आणि अंतर यांचा आलेख वक्र आहे, पण कुठल्याही गुळगुळीत वक्राचा अगदी छोटा तुकडा जवळजवळ सरळ दिसतो. म्हणून मोजलेल्या बिंदूपाशी वक्राला स्पर्शिका काढायची आणि तेवढ्यापुरतं वक्राऐवजी तिच्यावरच चालायचं. सरळ रेषेवर सगळंच सोपं होतं. मूळ राशीची सरासरी सूत्रात घातली की नव्या राशीची सरासरी मिळते, आणि मूळ राशीच्या प्रमाण विचलनाला रेषेच्या चढाने गुणलं की नव्या राशीचं प्रमाण विचलन मिळतं. (चढ उतरता असला तरी वजा चिन्ह सोडून द्यायचं, कारण चुकीचा पसारा ऋण नसतो.) व्हेरियन्स हा प्रमाण विचलनाचा वर्ग, म्हणून तो चढाच्या वर्गाने गुणला जातो. सारं एका ओळीत मांडायचं तर:

E[f(X)] ≈ f(μ), Var[f(X)] ≈ f′(μ)² σ²

आपल्या वक्राचा चढ 1 भागिले पराशयाचा वर्ग, म्हणजे सुमारे 10.1 आहे. बेसेलच्या 0.02 ला आपण प्रमाण विचलन समजलो, तर अंतरातली चूक 0.2 पार्सेक येते, म्हणजे पाऊण प्रकाशवर्षाहून कमीच. कोनात 6.4 टक्के अनिश्चितता होती, अंतरातही तेवढेच टक्के आली. व्यस्त नात्यात हे असंच होतं.

स्पर्शिकेवर कितपत विसंबावं, हे तपासायला कॅल्क्युलेटर पुरतो. कोन 0.02 ने कमी करून पाहा, अंतर 0.22 पार्सेकने वाढतं. तितकाच वाढवून पाहा, तर ते 0.19 ने घटतं. दोन्ही आकडे 0.2 च्या आसपासच आहेत, तेव्हा इथे स्पर्शिका चालते. दोन्ही बाजू अगदी सारख्या नाहीत, कारण वक्राला वाक आहे. त्याच वाकामुळे खरी सरासरी सूत्रातल्या f(μ) पेक्षा थोडी जास्त असते, पण बेसेलच्या बाबतीत हा फरक 0.013 पार्सेकच भरतो. पहिल्या पायरीचं हे सूत्र वाकाकडे पाहतच नाही, म्हणून तो त्यात दिसत नाही. आज 61 सिग्नीचा पराशय 0.286 विकला आणि अंतर सुमारे 11.4 प्रकाशवर्षं मानतात.

गडबड होते ती अंधुक ताऱ्यांपाशी. 2013 साली सोडलेल्या गाया यानाच्या मोजमापांत विसाव्या प्रतीच्या ताऱ्याच्या पराशयात विकलेच्या हजाराव्या भागाच्या निम्म्याइतकी अनिश्चितता असते. समजा, अशा ताऱ्याचा मोजलेला पराशय एक हजारांश विकला आहे. सूत्र सांगतं: अंतर 1000 पार्सेक, चूक 500. मघाचीच तपासणी इथे करा. कोन 0.5 ने वाढवला, तर अंतर 667 पार्सेक. तितकाच घटवला, तर थेट 2000! आणि दोन प्रमाण विचलनं खाली गेलं, की पराशय शून्य आणि अंतर अनंत. गायाच्या यादीत ऋण पराशयही आहेत. त्यांत खोट नाही, कारण मोजमापातली चूक दोन्ही बाजूंना पडते. पण ऋण अंतराला अर्थ काय द्यायचा? चूक सामान्य वितरणाची मानली, तर 1 भागिले पराशय या राशीला गणिती अर्थाने सरासरीच नसते. तरीही सूत्र नेहमीसारखं नीटनेटकं उत्तर देतं, आणि माझ्या मते त्याचा खरा धोका हाच आहे.

म्हणून चुकीचं मूळ राशीशी प्रमाण दहा-एक टक्क्यांच्या आत असेल, तर स्पर्शिका बिनघोर वापरावी, त्यापुढे जपून. अशा अंधुक ताऱ्यांचा एखादा गुच्छ एकाच अंतरावर असेल, तर आधी पराशयांची सरासरी काढतात आणि भागाकार शेवटी करतात. शंभर ताऱ्यांच्या चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील, तर सरासरीतली चूक 0.5 वरून 0.05 वर येते, म्हणजे पाच टक्के, आणि तिथे स्पर्शिका पुन्हा कामाला येते. हेच उलट क्रमाने करून आधी शंभर अंतरं काढली, तर शून्याच्या जवळ गेलेला एखादाच पराशय सगळी सरासरी लाखो पार्सेकांवर नेऊ शकतो.