लिफ्टचा करार संपवताना

सोसायटीच्या फायलीत लिफ्टच्या देखभालीचा वार्षिक करार, म्हणजे ज्याला सगळे एएमसी म्हणतात तो, वर्षानुवर्षे पडून असतो. सही करताना रक्कम तेवढी पाहिली जाते. करार बंद करायची वेळ आली की मात्र मागची दोन पाने वाचावी लागतात, कारण बाहेर पडायची वाट तिथेच लिहिलेली असते. ती वाट न वाचता पाठवलेले पत्र कितीही कडक भाषेत असले, तरी कंपनी एका ओळीचे उत्तर देऊन नवे बिल पाठवू शकते.

आधी एक भेद समजून घ्यायला हवा. बहुतेक करारांत बाहेर पडायची दोन स्वतंत्र कलमे असतात. पहिले नूतनीकरणाचे: मुदत संपण्याच्या इतके दिवस आधी लेखी कळवले नाही तर करार आपोआप आणखी एक वर्ष चालू राहील. दुसरे मुदतीच्या मध्येच करार संपवण्याचे: कोणत्याही पक्षाला इतक्या दिवसांची लेखी नोटीस देऊन करार संपवता येईल, क्वचित काही रक्कम भरून. ‘आम्हाला करार बंद करायचा आहे’ एवढेच लिहिले तर आपण यातले कोणते कलम वापरतो आहोत हे कळत नाही, आणि वादाला जागा राहते ती तिथेच.

समजा, पुण्यातल्या एका सोसायटीत दोन लिफ्ट आहेत. करार १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ असा आहे. वर्षाचे १,२०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,४१,६०० रुपये. दर तिमाहीला आगाऊ ३५,४०० रुपये. कलम ९ म्हणते, मुदत संपण्यापूर्वी ६० दिवस लेखी सूचना न मिळाल्यास करार एका वर्षासाठी आपोआप वाढेल. कलम ११ म्हणते, ६० दिवसांची नोटीस देऊन कोणताही पक्ष करार संपवू शकतो. सोसायटीला ३१ मार्चला थांबायचे आहे.

दिवस मोजताना दोन प्रश्न पडतात: कधीपासून मोजायचे आणि कुठल्या दिवसापर्यंत? कलमात ‘मिळाल्यास’ असा शब्द असेल, तर पत्र टाकल्याची तारीख धरून चालत नाही, ते पोहोचल्याची तारीख धरावी लागते. नोटीस ज्या दिवशी मिळाली तो दिवस सोडून पुढचे पूर्ण ६० दिवस हवेत, असे धरून चालणे सुरक्षित. ३१ जानेवारीपासून ३१ मार्चपर्यंत मोजले तर जानेवारीचा एक, फेब्रुवारीचे २८ आणि मार्चचे ३१ मिळून बरोबर ६० होतात. म्हणजे पत्र ३० जानेवारीपर्यंत कंपनीच्या हातात पडायला हवे. त्या आठवड्यात २४ जानेवारीला चौथा शनिवार आहे आणि २६ तारखेला सोमवारी प्रजासत्ताक दिन. तीन दिवस बरीच कार्यालये बंद राहणार. म्हणून व्यवस्थापन समितीचा ठराव डिसेंबरात होऊन पत्र जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात निघाले पाहिजे. ठराव हवाच, कारण एखाद्या सभासदाने स्वतःच्या नावाने पाठवलेले पत्र संस्थेचे नाही असे कंपनी म्हणू शकते. पत्र संस्थेच्या लेटरहेडवर, सचिव किंवा अध्यक्षांच्या सहीचे, ठरावाची तारीख नमूद केलेले असावे.

पत्र कुठे पाठवायचे हेही करारात असते. ‘नोटीस’ या शीर्षकाखाली पत्ता आणि बहुधा ईमेल दिलेला असतो. तो पत्ता अनेकदा नोंदणीकृत कार्यालयाचा, दुसऱ्या शहरातला असतो. दर महिन्याला येणाऱ्या मेकॅनिकच्या हातात दिलेले किंवा त्याच्या व्हॉट्सॲपवर टाकलेले पत्र नोटीस ठरेल असे धरून चालू नये. कराराने सांगितलेल्या पत्त्यावर पोचपावतीसह पोस्टाने पाठवावे (रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली आहे), त्याच दिवशी त्याची पीडीएफ करारातल्या ईमेलवर पाठवावी, आणि शहरात शाखा असेल तर स्थळप्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊन यावे. पोस्टाच्या ट्रॅकिंगच्या पानाची छापील प्रत त्याच आठवड्यात काढून ठेवावी, कारण ती नोंद ऑनलाइन कायम राहत नाही.

आता मजकूर. आपल्याकडे पत्र लिहिताना ‘करार रद्द करण्यास मंजुरी द्यावी ही विनंती’ असे हात आपोआप लिहून जातो. या पत्रात तसे लिहू नये. नोटीस देणे हा करारानेच दिलेला हक्क आहे, त्याला समोरच्याची मंजुरी लागत नाही. मंजुरी मागितली की ती नाकारायलाही वाव मिळतो. विनंती करायची ती फक्त लेखी उत्तराची. मजकूर साधारण असा असावा:

‘महोदय, करार क्रमांक अमुक, दिनांक १ एप्रिल २०२५, लिफ्ट क्रमांक १ व २. वरील कराराच्या कलम ९ अन्वये कळवण्यात येते की, ३१ मार्च २०२६ रोजी मुदत संपल्यावर आमची संस्था कराराचे नूतनीकरण करणार नाही. कोणत्याही कारणाने ही सूचना कलम ९ खाली ग्राह्य ठरली नाही, तर तीच कलम ११ अन्वये ६० दिवसांची नोटीस समजावी. १ एप्रिल २०२६ पासूनच्या सेवेचे बिल पाठवू नये. हे पत्र मिळाल्याचे, कराराचा शेवटचा दिवस ३१ मार्च २०२६ असल्याचे आणि त्या दिवसापर्यंतच्या देण्याघेण्याचा हिशेब, असे तीन मुद्दे सात दिवसांत, अधिकृत व्यक्तीच्या नाव, हुद्दा व सहीनिशी लेखी कळवावेत.’

कलमाचा मजकूर करारात ज्या भाषेत आहे त्याच भाषेत, एक शब्दही न बदलता उतरवून घ्यावा. कंपनीचे काम इंग्रजीत चालत असेल तर सगळे पत्रच इंग्रजीत द्यावे.

यातले ‘तीच कलम ११ अन्वये समजावी’ हे वाक्य फार मोलाचे आहे. समजा, पत्र उशिरा, ४ फेब्रुवारीला पोहोचले. कलम ९ ची मुदत हुकली आणि कंपनी म्हणणार, करार मार्च २०२७ पर्यंत वाढला. पण पत्रात हे वाक्य असेल तर ४ फेब्रुवारीपासून कलम ११ चे ६० दिवस धावू लागतात आणि ते ५ एप्रिलला संपतात. वर्षाचे १,४१,६०० रुपये मागितले जायचे, तिथे पाच दिवसांचे दोन हजारांच्या आत भागते.

कलम ११ मध्ये दंडाची तरतूद असेल, उदाहरणार्थ उरलेल्या मुदतीच्या निम्मी रक्कम, तर हिशेब बदलतो. तरी तो आकडा अंतिम समजून घाबरायचे कारण नाही. भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम ७४ सांगते की करारात लिहिलेली दंडाची रक्कम ही कमाल मर्यादा आहे, मिळेल ती वाजवी भरपाई. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ च्या फतेह चंद खटल्यात हेच तत्त्व स्पष्ट केले. पण ही कोर्टातली गोष्ट झाली, तिथवर जाण्यात वेळ आणि पैसा जातो. सोसायटीच्या दृष्टीने मुदत पाळून कलम ९ मधून बाहेर पडणे हेच सर्वांत स्वस्त.

या पत्रात तक्रारी लिहू नयेत, असे माझे ठाम मत आहे. लिफ्ट तीनदा अडकली, मेकॅनिक वेळेवर आला नाही, हे सगळे खरे असेल. पण ते लिहिले की पत्राचा अर्थ बदलतो. करारभंगासाठी वेगळे कलम असते आणि त्यात बहुधा त्रुटी दुरुस्त करायला कंपनीला ३० दिवस दिलेले असतात. कंपनी त्याच कलमाकडे बोट दाखवते, चार दिवस माणूस पाठवते आणि ‘तक्रार दूर झाली’ असे कळवते. नूतनीकरण न करण्याला कारण लागत नाही. तक्रारींचे पत्र द्यायचे तर वेगळे द्यावे.

पत्र पोहोचल्यावर लेखी उत्तराआधी बहुतेकदा फोन येतो. दहा-पंधरा टक्के सवलत मिळते, साहेब स्वतः येऊन भेटतात. बोलायला हरकत नाही, पण ‘बघू, विचार करतो’ या शब्दांचा अर्थ पुढे नोटीस मागे घेतली असाही लावला जातो. म्हणून त्याच संध्याकाळी दोन ओळींचा ईमेल टाकावा: आज आपले बोलणे झाले, आमची नोटीस कायम आहे.

सात दिवसांत उत्तर आले नाही तर? नोटीस त्यामुळे निकामी होत नाही. आठव्या दिवशी दुसरे छोटे पत्र पाठवावे: आमची नोटीस अमुक तारखेला आपल्याला मिळाल्याची पोच आमच्याकडे आहे आणि त्यानुसार करार ३१ मार्चला संपत असल्याची नोंद आम्ही घेतली आहे. लेखी पुष्टी मागायची ती पुरावा मजबूत व्हावा म्हणून. एकदा अधिकृत सहीचे उत्तर हातात आले की कंपनीतली माणसे बदलली तरी प्रश्न उरत नाही. उत्तर नीट वाचावे मात्र. ‘आपली विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे’ ही पुष्टी नव्हे. त्यात शेवटच्या दिवसाची तारीख नसेल तर पुन्हा मागावी.

खरा घोळ होतो तो एप्रिलमध्ये. नव्या तिमाहीचे ३५,४०० रुपयांचे बिल येते, हिशेबनीस नेहमीप्रमाणे चेक काढतो किंवा बँकेतून स्वयंचलित पैसे जातात. जुना मेकॅनिक सवयीने येतो आणि वॉचमन त्याच्या सर्व्हिस रिपोर्टवर सही करतो. या दोन कागदांवर कंपनी म्हणू शकते की सोसायटीने नूतनीकरण मान्य केले. म्हणून हिशेबनीस, व्यवस्थापक आणि वॉचमन, तिघांनाही तारीख लेखी सांगावी, बँकेतला मँडेट मार्चमध्येच रद्द करावा, आणि बिल आलेच तर नोटिशीचा संदर्भ देऊन ते लेखी परत करून क्रेडिट नोट मागावी.

आणखी एक गोष्ट लिफ्टपुरती. अनेक लिफ्टच्या कंट्रोल पॅनेलला पासवर्ड असतो किंवा कंपनीचे स्वतःचे जोडयंत्र लागते. नव्या परवानाधारक ठेकेदाराला ते पॅनेल उघडता येणार नसेल, तर करार कायदेशीररीत्या संपूनही सोसायटी अडकते. हे नोटीस देण्याआधी नव्या ठेकेदाराकडून तपासून घ्यावे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दोन्हीकडच्या मेकॅनिकना एकत्र बोलावून दोर, ब्रेक, गव्हर्नर आणि वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणणारी यंत्रणा यांची स्थिती लिहून सह्या घ्याव्यात. लिफ्टच्या चाव्या, नकाशे, नोंदवही ताब्यात घ्यावी. लिफ्ट एक दिवसही देखभालीवाचून राहू नये म्हणून नवा करार १ एप्रिलपासूनच सुरू करावा.

इतके करूनही कंपनी पैसे मागत राहिली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सहकारी संस्थेचाही ‘व्यक्ती’त समावेश आहे. करारभंगामुळे समोरच्या पक्षाला झालेल्या नुकसानीच्या मानाने ग्राहकावर अवाजवी दंड लादणाऱ्या कराराला तो कायदा ‘अनुचित करार’ म्हणतो आणि त्याविरुद्धची तक्रार राज्य आयोगाकडे करावी लागते. तिथे पहिल्यांदा मागितले जातील ते कागद म्हणजे करार, नोटीस, पोच आणि लेखी उत्तर. आजच फाईल उघडून आपल्या कराराची नूतनीकरणाची तारीख आणि नोटिशीचे दिवस पाहा, आणि पत्र पोहोचवायची शेवटची तारीख समितीच्या पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात लिहून ठेवा.